एन.सी. लिहिली, पुढे काय?

शेजाऱ्याने हात उचलला, शिवीगाळ केली, धमकी दिली आणि आपण पोलीस ठाण्यात गेलो. तासाभराने हातात एक कागद घेऊन परत आलो. त्यावर एक क्रमांक आहे, दोन-तीन कलमे आहेत आणि खाली एक ओळ आहे : 'तक्रारदारास न्यायालयात दाद मागण्याची समज दिली.' घरी सगळे विचारतात, "काय झाले? उचलले का त्याला?" आपण म्हणतो, "एन.सी. झाली." एन.सी. म्हणजे नेमके काय झाले, हे मात्र विचारणाऱ्यालाही ठाऊक नसते आणि सांगणाऱ्यालाही नसते.

मलाही ठाऊक नव्हते. दोन पावसाळ्यांपूर्वी, २०२४ च्या ऑगस्टमध्ये, आमच्याच इमारतीतील एका भाभींबरोबर मी पोलीस ठाण्यात गेले, तेव्हा हे सगळे पायरीपायरीने कळत गेले. आता ते प्रकरण निवले आहे. त्यांच्या परवानगीने, पण कोणाचेही नाव न घेता, ते इथे मांडते आहे.

आम्ही कामोठ्यात राहतो. सिडकोने वसवलेली ही वस्ती, आता पनवेल महानगरपालिकेत. मानसरोवर आणि खांदेश्वर या दोन स्टेशनांवरून रोज हजारो माणसे मुंबईकडे जातात आणि रात्री झोपायला परत येतात. एकेका इमारतीत कोकणातले, घाटावरचे, मराठवाड्यातले, उत्तरेकडचे असे सगळे जण भिंतीला भिंत लावून राहतात. गावाकडे भांडण झाले तर जमातीतली चार वडीलधारी माणसे दोघांना बसवून मिटवत. इथे वरच्या मजल्यावरचा माणूस ना आपल्या गावचा, ना आपल्या जमातीचा. त्यामुळे भांडण जिन्यातून थेट पोलीस ठाण्यात जाते.

भाभींचे घर तिसऱ्या मजल्यावर. साहेब कुवेतला नोकरीला, घरी भाभी, म्हाताऱ्या सासूबाई आणि एकोणीस वर्षांचा कॉलेजला जाणारा मुलगा. वरच्या घराच्या बाथरूममधून दोन वर्षे पाणी गळत होते. छताचे पोपडे पडत होते. सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय निघायचा आणि 'बघू' म्हणून राहायचा. त्या संध्याकाळी मुलगा वर सांगायला गेला. जिन्यातच बोलाचाली झाली. वरच्या गृहस्थांनी आईबहिणीवरून शिव्या दिल्या, दोन थपडा मारल्या आणि ढकलले. मुलगा चार पायऱ्या खाली आला आणि डाव्या हाताचे बोट सुजले. "पुन्हा दारात आलास तर हातपाय मोडून ठेवीन," असे म्हणून ते आत गेले.

पहिली दहा मिनिटे

पोलीस ठाण्यात गेल्यावर समोर असतात ते ठाणे अंमलदार. भाभींनी सुरुवात केली ती दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यापासून. छत, पोपडे, सोसायटीचे सेक्रेटरी, वरच्या बाईंचे बोलणे, सगळे आले. अंमलदारांनी शांतपणे ऐकून घेतले आणि मग विचारले, "आज काय झाले ते सांगा. कोणी मारले, कशाने मारले, कुठे मारले, काय शब्द बोलले, कोणी पाहिले?"

हे पाच प्रश्न वरवरचे नाहीत. याच उत्तरांवर पुढचे सगळे ठरते. कायद्याने गुन्ह्यांचे दोन भाग केले आहेत. दखलपात्र गुन्ह्यात पोलीस स्वतःहून तपास करू शकतात, वॉरंटशिवाय अटक करू शकतात आणि त्यांना एफ.आय.आर. नोंदवावा लागतो. अदखलपात्र गुन्ह्यात, म्हणजे एन.सी.मध्ये, मॅजिस्ट्रेटचा आदेश असल्याशिवाय पोलिसांना तपास करण्याचा अधिकारच नाही. 'पोलिसांनी काही केले नाही' असे आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा खरी गोष्ट अशी असते की कायद्याने त्यांचे हात बांधलेले असतात.

१ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि कलमांचे आकडे बदलले. पूर्वी शेजारच्या भांडणात ठरलेली तीन कलमे लागत : तीनशे तेवीस, पाचशे चार, पाचशे सहा. आता त्याच गोष्टींची कलमे अशी आहेत. हाताने मारून साधी दुखापत केली तर ११५(२), शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. समोरच्याने चिडून शांतता मोडावी अशा हेतूने अपमान केला तर ३५२. धमकी दिली तर ३५१. या शेवटच्या दोन्हींना दोन वर्षांपर्यंत कैद आहे. धमकी जिवे मारण्याची किंवा जबर दुखापतीची असेल तर ती सात वर्षांपर्यंत जाते. नुसता हात उगारला, अंगाला लागला नाही, तर तो कायद्याच्या भाषेत 'हमला'. त्याचे कलम १३१ आणि शिक्षा तीन महिन्यांपर्यंत. ही सगळी कलमे अदखलपात्र आहेत.

शिक्षेचा आकडा मोठा म्हणजे गुन्हा दखलपात्र, असे नाही. सात वर्षांची धमकीसुद्धा कायद्याच्या तक्त्यात अदखलपात्र म्हणूनच लिहिलेली आहे. भाभींना हे ऐकून फार आश्चर्य वाटले. "हातपाय मोडीन म्हणाला, तरी एन.सी.च?" होय, तरी एन.सी.च.

पण एक गोष्ट लक्षात ठेवावी. घटनेत एकही दखलपात्र गुन्हा असेल, तर सगळे प्रकरण दखलपात्र मानले जाते. मारायला काठी, सळई, चाकू वापरला का? घरात घुसून मारले का? वाट अडवून जाऊ दिले नाही का? बाईच्या अंगाला वाईट हेतूने हात लावला का? यातले काही खरोखर घडले असेल आणि आपण रागाच्या भरात गळतीचीच गोष्ट सांगत बसलो, तर जो एफ.आय.आर. व्हायला हवा होता त्याची एन.सी. होते. दखलपात्र गुन्हा उघड दिसत असेल तर एफ.आय.आर. नोंदवणे पोलिसांना बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी प्रकरणात १२ नोव्हेंबर २०१३ रोजी सांगितले आहे.

उलटेही तितकेच खरे. इमारतीतल्या एका जाणत्या गृहस्थांनी भाभींना सल्ला दिला होता, "रॉडने मारले म्हणून सांगा, मग एफ.आय.आर. होईल." भाभींच्या मुलानेच नकार दिला. "रॉड नव्हता, मी कसा सांगू?" त्याने ते केले नाही हे नीतीच्या दृष्टीने तर बरेच झाले, पण व्यवहारातही बरे झाले. जिन्यात तीन माणसे होती, त्यातल्या कोणीही रॉड पाहिलेला नव्हता. शिवाय पोलिसांना जाणूनबुजून खोटी माहिती देणे हा स्वतंत्र गुन्हा आहे.

तक्रारदार कोण, हाही प्रश्न आला. भाभी म्हणत होत्या, माझे नाव लिहा. अंमलदार म्हणाले, "मार ज्याला लागला तो सांगेल. तुम्ही साक्षीदार." म्हणून तक्रार मुलाच्या नावाने लिहिली गेली. धमकीचे शब्द जसे होते तसेच लिहायला सांगितले. हे महत्त्वाचे आहे. 'धमकी दिली' एवढे लिहून काही कळत नाही. बंगळुरूच्या एका जोडप्याच्या प्रकरणात २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की समोरच्याला घाबरवण्याचा हेतू नसेल तर नुसते शब्द म्हणजे गुन्हेगारी धमकी होत नाही. 'बघून घेईन' हे रागातले बोलणे ठरू शकते. 'पुन्हा दारात आलास तर हातपाय मोडून ठेवीन' यात काय करणार आणि कशापासून रोखणार, हे दोन्ही आहे.

बोटाचा एक्स-रे

अंमलदारांनी मुलाला वैद्यकीय तपासणीची यादी, म्हणजे दवाखान्यासाठीचे पत्र, दिले. भाभी म्हणाल्या, "बोट तर आहे, उद्या घरीच शेकू." मी आग्रह धरला आणि आम्ही त्याच रात्री सरकारी दवाखान्यात गेलो. त्या रात्री माझा आग्रह केवळ शिक्षिकेच्या सवयीचा होता, कागद पुरा असावा म्हणून. त्याचे कायद्यातले मोल मला नंतर कळले.

कायद्यात साधी दुखापत आणि जबर दुखापत यांत फरक आहे. हाड मोडणे किंवा त्याला तडा जाणे, सांधा निखळणे, दात पडणे किंवा तुटणे ही जबर दुखापत आहे. दुखापतीमुळे पंधरा दिवस तीव्र वेदना होत राहिल्या किंवा रोजची कामे करता आली नाहीत, तर तीही जबर. जुन्या कायद्यात हे दिवस वीस होते, नव्यात पंधरा झाले. जबर दुखापतीचे कलम ११७(२), शिक्षा सात वर्षांपर्यंत आणि गुन्हा दखलपात्र. म्हणजे त्या एका बोटात हाडाला चीर निघाली असती, तर एन.सी.चा एफ.आय.आर. झाला असता आणि पोलिसांनी स्वतः तपास केला असता.

एक्स-रेमध्ये हाड शाबूत निघाले. सांधा मुरगळला होता. चौथ्या दिवशी मुलगा कॉलेजला गेला. तेव्हा एन.सी. ही एन.सी.च राहिली. पण तपासणीचा तो कागद त्याच तारखेचा आणि त्याच रात्रीचा होता. चार दिवसांनी गेलो असतो, तर 'बोट कशाने सुजले कोण जाणे' असे म्हणायला समोरच्याला जागा राहिली असती. वाचकांनी एवढे लक्षात ठेवावे : दात हलत असेल, बोट वाकत नसेल, कान दुखत असेल, तर त्याच दिवशी दाखवावे. नंतर एक्स-रेमध्ये तडा निघाला, तर तो अहवाल घेऊन पुन्हा ठाण्यात जावे आणि कलम वाढवण्याचा लेखी अर्ज द्यावा.

मग एन.सी.ने मिळते काय?

कायदा सांगतो ते अगदी थोडक्यात असे आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७४ म्हणते की अदखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की ठाण्याच्या अधिकाऱ्याने तिचा सारांश ठरलेल्या वहीत लिहावा आणि तक्रारदाराला मॅजिस्ट्रेटकडे जाण्यास सांगावे. नव्या कायद्याने एक भर घातली : अशा नोंदींचा अहवाल दर पंधरवड्याला मॅजिस्ट्रेटकडे पाठवावा. काहींचा समज होतो की कागद कोर्टात गेला म्हणजे आता कोर्ट आपल्याला बोलावील. तसे होत नाही. पंधरवड्याचा अहवाल ही नोंदींची माहिती आहे, आपला खटला नव्हे. खटला आपण दाखल केला तरच उभा राहतो.

म्हणजे एन.सी.ने अटक होत नाही, तपास होत नाही, शिक्षा होत नाही. मिळते ती तारीख घातलेली, सरकारी वहीतली एक नोंद. ऐकायला हे फार कमी वाटते. भाभी त्या रात्री रडल्या. "एवढ्यासाठी मी दोन तास बसले?" पण त्या नोंदीला पुढे तीन वाटा फुटतात आणि कोणती धरायची ते आपल्या हातात असते.

पहिली वाट सर्वात साधी. बीटचे पोलीस समोरच्याला बोलावून समज देतात. हा तपास नव्हे आणि शिक्षाही नव्हे. पण बऱ्याच माणसांना एवढेच पुरते. आपले नाव वहीत चढले आहे हे कळल्यावर जिन्यातला आवाज खाली येतो. वरच्या गृहस्थांनाही बोलावणे गेले. ते आले, ऐकून गेले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः भाभींच्या मुलाविरुद्ध एन.सी. दिली, की त्यानेच आधी शिवी दिली आणि कॉलर धरली.

याला बोलीभाषेत क्रॉस एन.सी. म्हणतात आणि शेजारच्या भांडणात ती बहुतेक वेळा येतेच. घाबरून जाण्याचे कारण नाही. भाभींना मात्र मोठी धास्ती पडली, कारण मुलाचा पासपोर्ट काढायचा होता. शिक्षण संपले की वडिलांकडे जायचे, असे ठरले होते. जिन्यात त्यांना ऐकवलेही गेले, "आता बघतो पासपोर्ट कसा निघतो."

इथे नीट समजून घेतले पाहिजे. १९६७ च्या पासपोर्ट कायद्यात पासपोर्ट नाकारण्याच्या कारणांत एक कारण असे आहे की अर्जदाराविरुद्ध भारतातल्या फौजदारी न्यायालयात कारवाई प्रलंबित आहे. पोलीस ठाण्याच्या वहीतली एन.सी. म्हणजे न्यायालयातली प्रलंबित कारवाई नव्हे. कोणी कोर्टात तक्रार दाखल केली आणि कोर्टाने तिची दखल घेतली, तर मात्र गोष्ट वेगळी होते आणि मग अर्जात ते खरे सांगावे लागते. मुलाचा पासपोर्ट पुढे निघाला. पडताळणीला आलेल्या पोलिसांनी विचारले, तेव्हा त्याने दोन्ही एन.सी.च्या प्रती दाखवल्या आणि जे होते ते सांगितले.

कोर्टाची वाट

दुसरी वाट कोर्टाची. कामोठ्यातल्या माणसाला त्यासाठी पनवेलच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावे लागते. तिथे दोन गोष्टी मागता येतात. एक, पोलिसांना या एन.सी.चा तपास करण्याचा आदेश द्यावा. आदेश मिळाला तर पोलीस दखलपात्र गुन्ह्यासारखाच तपास करतात, फक्त वॉरंटशिवाय अटक करता येत नाही. दोन, आपण स्वतः खासगी तक्रार दाखल करावी. त्यात कोर्ट तक्रारदाराचा आणि हजर साक्षीदारांचा जबाब शपथेवर घेते. नव्या कायद्याप्रमाणे दखल घेण्यापूर्वी समोरच्यालाही म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. त्यानंतर तथ्य दिसले तर समन्स निघते, नाहीतर तक्रार फेटाळली जाते.

ही वाट खरी आहे, पण लांब आहे. तारखांना जावे लागते. तक्रारदारच येत नाही असे दिसले, तर आरोपीची सुटका होऊ शकते. जिन्यात पाहणारे शेजारी कोर्टात उभे राहतील का, हे आधी विचारून घ्यावे लागते. खर्चाची अडचण असेल तर एक सोय आहे. विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली स्त्रियांना, मुलांना आणि ठरावीक मर्यादेखाली उत्पन्न असणाऱ्यांना मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडे त्यासाठी अर्ज करता येतो. स्त्री असेल तर उत्पन्नाची अट नाही.

आणि एक मुदत आहे. ती न कळल्यामुळे पुष्कळांचा हक्क निसटतो. एक वर्षापर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल कोर्टाला घटनेपासून एका वर्षाच्या आतच घेता येते. एक ते तीन वर्षांच्या शिक्षेसाठी ही मुदत तीन वर्षे आहे. म्हणजे धमकी किंवा अपमानाचे कलम सोबत टिकले तर वेळ जास्त मिळतो. ते टिकले नाही आणि नुसती थप्पड उरली, तर एकच वर्ष. म्हणून आपण एक वर्ष धरूनच चालावे. एन.सी. दिली म्हणजे हे वर्ष थांबते, असे नाही. 'एन.सी. आहे ना, कधीही कोर्टात जाऊ' हा गैरसमज आहे.

भाभींच्या घरी यावर पुष्कळ बोलणे झाले. साहेबांचे कुवेतहून फोन येत होते. मुलाला कोर्टात जायचे होते. "मला मारले आणि त्याला काहीच नाही?" भाभींना नको होते. त्यांना रोज त्याच जिन्याने जायचे होते, सासूबाईंना दवाखान्यात न्यायचे होते. दोघांचेही म्हणणे खरे होते.

दुसऱ्यांदा धमकी, आणि चॅप्टर केस

सप्टेंबरच्या शेवटी पुन्हा प्रसंग घडला. गृहस्थांनी खाली पार्किंगमध्ये मुलाची मोटारसायकल ढकलून दिली आणि पुन्हा हातपाय मोडण्याची भाषा केली. या वेळी भाभींनी ठाण्यात जाऊन नुसते सांगितले नाही. एक पानी अर्ज दिला. पहिल्या एन.सी.चा क्रमांक आणि तारीख, वैद्यकीय तपासणीची तारीख, आजचा प्रसंग, वेळ, पाहणाऱ्या वॉचमनचे नाव, आणि शेवटी एक मागणी : पुन्हा मारहाण होऊन शांततेचा भंग होण्याची भीती आहे, तरी प्रतिबंधक कारवाई करावी. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली.

ही तिसरी वाट आणि एन.सी.चा खरा उपयोग बहुधा इथेच दिसतो. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ खाली (पूर्वीचे १०७) एखादा माणूस शांतता मोडील अशी माहिती मिळाली, तर कार्यकारी दंडाधिकारी त्याला विचारू शकतात की शांतता राखण्याचे बंधपत्र तुझ्याकडून का घेऊ नये. हे बंधपत्र जास्तीत जास्त एक वर्षाचे असते. लोक याला चॅप्टर केस म्हणतात. गावाकडे हे काम तहसीलदार किंवा प्रांत यांच्याकडे असते. कामोठे नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येते आणि आयुक्तालयात हे अधिकार सहायक पोलीस आयुक्त वापरतात.

इथे प्रश्न 'मागे काय केले' हा नसतो, 'पुढे काय करील' हा असतो. पण पुढचे ठरवायला मागची नोंद लागते. एकाच एन.सी.वर एक भांडण दिसते. दोन नोंदी, त्यात तीच व्यक्ती, तेच शब्द आणि मध्ये दवाखान्याचा कागद असेल, तर धोका पुन्हा होण्याचा दिसतो. पहिल्या रात्री लिहिलेली ती नोंद नसती, तर सप्टेंबरचा प्रसंग पहिलाच ठरला असता.

नोटीस दोन्ही पक्षांना आली. क्रॉस एन.सी. असल्यामुळे तसे होणे साहजिक होते. मुलाला अपमान वाटला. पण बंधपत्र म्हणजे गुन्ह्याची कबुली नव्हे आणि शिक्षाही नव्हे. ठरलेल्या काळात शांतता राखीन, नाहीतर ठरलेली रक्कम भरीन, असे ते लिहून देणे आहे. ते मोडले तर रक्कम जप्त होऊ शकते आणि उरलेल्या मुदतीसाठी कैदही होऊ शकते. दोघांनीही बंधपत्र दिले. ज्याला पुन्हा मारायचे नव्हते, त्याला त्याचे ओझे वाटले नाही.

गळतीचे काय?

एन.सी.ने गळती थांबत नाही. हे सांगायलाच हवे, कारण ठाण्यात येणारी निम्मी गोष्ट गळतीची, पार्किंगची, कचऱ्याची असते आणि ती तिथे सुटत नाही. भाभींनी सोसायटीला स्वतंत्र लेखी पत्र दिले, फोटो जोडले. कमिटीने प्लंबर आणून तपासणी करून घेतली. वरच्या बाथरूमचा जुना पाईप सांध्यावर फुटला होता. बंधपत्रानंतर बोलणे तोंडी न होता कागदावर होऊ लागले. डिसेंबरमध्ये पाईप बदलला. खर्च वरच्या घराने केला, छताचे प्लास्टर भाभींनी करून घेतले.

मधल्या काळात काही जणांनी या भांडणाला दुसराच रंग देण्याचा प्रयत्न केला. 'हे लोक' आणि 'ते लोक' अशी भाषा दोन्हीकडून कानावर आली. भाभींनी आणि वरच्या बाईंनीही तिला हवा दिली नाही. जिन्यात धर्माचा एक शब्दही निघाला नव्हता, म्हणून तक्रारीतही तो आला नाही. भांडण गळतीचे होते, ते गळतीचेच राहिले.

ऑगस्ट २०२५ मध्ये वर्ष पुरे झाले. त्याच्या आधी एका संध्याकाळी भाभींनी मुलाला आणि मला बसवून विचारले, "आता शेवटची संधी आहे. जायचे का कोर्टात?" मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "नको. पण माफ केले असे मी म्हणणार नाही." भाभींनी त्याला आग्रह केला नाही. कोर्टात न जाण्याचा तो निर्णय होता, विसरून राहून गेलेली गोष्ट नव्हती. मला त्यातले हे महत्त्वाचे वाटते.

त्या थपडांची शिक्षा कोणालाच झाली नाही. पण दुसऱ्यांदा हात उठला नाही. एन.सी.ची प्रत, दवाखान्याचा कागद, अर्जाची पोच आणि बंधपत्राचा आदेश असे चार कागद भाभींनी लाईट बिलांच्या फायलीत तारखेप्रमाणे लावून ठेवले आहेत. मुलगा अजून वरच्या गृहस्थांशी बोलत नाही. ते जिन्यात समोरून आले की दोघेही एकेका बाजूला सरकतात आणि आपापल्या वाटेने जातात.